एसजीबी आणि सोन्याचा भाव: सात महिने पत्रक चालवल्यावर

समजा एसजीबी, म्हणजे सॉव्हरिन गोल्ड बॉण्ड या सरकारी सोने-रोख्याचा भाव 11,880, सराफ्यातला ग्रॅमचा भाव 12,360, म्हणजे जवळजवळ 3.9 टक्के सूट. पत्रकात असा आकडा उमटला की हात थेट खरेदीच्या बटणाकडे जातो. इथेच थांबा. या 3.9 पैकी 2.9 टक्के सूट नाहीच, तो जीएसटी आहे.

सॉव्हरिन गोल्ड बॉण्ड म्हणजे काय, हे इथे येणाऱ्यांना सांगायची गरज नाही. फेब्रुवारी 2024 नंतर सरकारने नवा हप्ता काढला नाही, त्यामुळे हवा असेल तर एनएसई-बीएसईवर दुसऱ्याच्या हातचाच घ्यावा लागतो. तो सोन्यापेक्षा स्वस्त मिळतोय की महाग, हे पाहण्यासाठी दोन रकान्यांचं पत्रक पुरतं, असं सुरुवातीला वाटलं होतं. पुरतं, पण दुसऱ्या रकान्यात कुठला भाव भरता यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्या इंदूरच्या सराफ्यात सोन्याचा एकच भाव नसतो. नगदचा वेगळा, आरटीजीएसचा वेगळा, आणि विचारल्याशिवाय करासकट की कराविना ते कळत नाही. वर्तमानपत्रातला भाव उचलून पत्रकात टाकला तर तीन टक्क्यांची चूक रोज, न चुकता होते. मुदत संपल्यावर आरबीआय जी रक्कम देते ती सराफ्याच्या भावाने देत नाही. आयबीजेए या सराफांच्या देशव्यापी संघटनेने जाहीर केलेला 999 शुद्धतेचा बंद भाव, आधीच्या तीन कामाच्या दिवसांची सरासरी, आणि त्यात जीएसटी नाही. म्हणून तुलना त्याच भावाशी. आयबीजेए दहा ग्रॅमचा भाव देते, रोखा एका ग्रॅमचा असतो, तेव्हा दहाने भागायचं विसरू नका. आणि 995 चा भाव चुकून घेतला तर आणखी 0.4 टक्क्यांचा फरक पडतो.

```
=(B2-C2/10)/(C2/10)*100
```

B2 मध्ये रोख्याचा भाव, C2 मध्ये आयबीजेएचा 999 चा दहा ग्रॅमचा भाव. उत्तर उणे आलं तर सूट. वरच्या उदाहरणात आयबीजेएचा भाव 1,20,000 धरा: ग्रॅम 12,000, रोखा 11,880, सूट एक टक्का. 3.9 चा एक झाला.

काही जण डॉलरच्या भावावरून हिशेब करतात: औंसाचा भाव भागिले 31.1035, गुणिले रुपयाचा दर, त्यावर आयात शुल्क. हा मार्ग मला पटत नाही. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं. ज्यांच्या पत्रकात 15 तसाच राहिला, त्यांना त्या दिवसापासून रोखा जवळजवळ आठ टक्के स्वस्त दिसणार. रोखा स्वस्त झालेला नव्हता, देशातलं सोनंच उतरलं होतं. आयबीजेएच्या भावात शुल्क आधीच धरलेलं असतं, त्यामुळे ही चूक तिथे होतच नाही.

आता उरलेला एक टक्का. तोही बहुतेक वेळा हाती येत नाही. पडद्यावर दिसणारा भाव शेवटच्या सौद्याचा असतो, आणि कित्येक मालिकांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या हप्त्यांच्या रोख्यांमध्ये, दिवसभरात मोजकेच ग्रॅम हलतात. 11,880 चा सौदा सकाळी साडेनऊला दोन ग्रॅमचा झालेला असू शकतो, कालचाही असू शकतो. म्हणून खरेदी-विक्रीच्या रांगा उघडून विकणाऱ्याचा भाव पाहा. समजा तिथे सहा ग्रॅम 12,060 ला आहेत आणि पुढचे 12,110 ला. तुम्हाला वीस ग्रॅम हवेत: सहा पहिल्या भावाने, चौदा दुसऱ्या भावाने, सरासरी 12,095. सोन्यापेक्षा 0.8 टक्के महाग! सूट दाखवणाऱ्या आकड्यावर बाजारभावाची ऑर्डर टाकणाऱ्याला नेमकं हेच मिळतं. B2 मध्ये शेवटचा सौदा भरण्याऐवजी विकणाऱ्यांच्या रांगेची सरासरी भरायला लागल्यापासून पत्रकातल्या बऱ्याचशा सुटी नाहीशा झाल्या.

वेळेचाही घोळ आहे. बाजार साडेतीनला बंद होतो, आयबीजेएचा बंद भाव त्यानंतर येतो. संध्याकाळी सोनं एका टक्क्याने चढलं की बंद रोखा एका टक्क्याने स्वस्त दिसतो, आणि सकाळी साडेनऊला ती सूट संपलेली असते. दुपारी सकाळच्या सत्राचा आयबीजेए भाव आला की त्याच वेळी रांग पाहायची, हा एकच जोड विश्वासाचा.

व्याजाबद्दल. SGBFEB32IV ही मालिका घ्या: मूळ किंमत 6,263, व्याज अडीच टक्के, पण मूळ किमतीवर. वर्षाला ग्रॅममागे 156 रुपये 58 पैसे, सहामाही साधारण 78. बारा हजाराला घेतलेल्या ग्रॅमवर हे 1.3 टक्केच पडतं, अडीच नव्हे. बाजारभावात साठलेलं व्याज धरलेलं असतं. त्यामुळे फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या व्याजाची नोंद तारीख उलटली की भाव त्या 78 रुपयांनी, म्हणजे सुमारे 0.65 टक्क्याने, खाली यायला हवा. त्या आठवड्यात अचानक दिसलेली अर्ध्या टक्क्याची सूट मोजू नये.

इथवर लिहिलं तेव्हा माझा नियम साधा होता: विकणाऱ्याचा भाव आयबीजेएपेक्षा तीन टक्के खाली, मुदतीला दोन वर्षांपेक्षा कमी, तर घ्यायचं. तो आता बदलावा लागला. पूर्वी व्यक्तीने मुदतीपर्यंत धरलेल्या रोख्याच्या नफ्यावर कर नव्हता, मग रोखा कोणाकडूनही घेतलेला असो. म्हणून लांब मुदतीच्या मालिका सोन्यापेक्षा महाग विकल्या जात, आणि ते योग्यच होतं. 2026 च्या अर्थसंकल्पाने ही सवलत मूळ हप्त्यात घेऊन शेवटपर्यंत धरणाऱ्यापुरती ठेवली. बाजारातून घेणाऱ्याला नफ्यावर 12.5 टक्के दीर्घ मुदतीचा कर. बारा हजाराचं सोनं मुदतीला सोळा हजार झालं तर चार हजारावर पाचशे रुपये गेले, म्हणजे खरेदीच्या चार टक्क्यांहून जास्त. त्यामुळे आज एक-दोन टक्क्यांची सूट ही असाधारण नाही, साधी झाली आहे. जुनी पत्रकं जपली असतील तर तिथली सरासरी आजच्या भावाला लावू नका. त्या आकड्यांमागचा कायदा दुसरा होता.

असाधारण म्हणजे कधी? शेजारच्या मुदतीच्या दोन-तीन मालिका एक टक्का सुटीवर असताना एखादी एकटीच चार टक्क्यांवर, आणि ती रांगेत खरोखर विकायला असलेली. बहुतेकदा कोणाला तरी एकदम पैसे हवे असतात आणि समोर घेणारा नसतो. अशी संधी तासाभरात जाते.

पाच वर्षं पूर्ण झालेल्या मालिकांना आणखी एक आधार आहे: व्याजाच्या तारखेला आरबीआयकडे मुदतपूर्व परतफेड मागता येते, अर्जाच्या तारखा आरबीआय आधी जाहीर करते. तीन टक्के स्वस्त घेतलेला रोखा दोन महिन्यांनी सोन्याच्या भावाने परत देता येतो. मात्र त्या दोन महिन्यांत सोनं उतरलं तर तीन टक्के त्यातच जातील, आणि वर्षाच्या आतला नफा तुमच्या उत्पन्नाच्या दराने करपात्र होईल. शिवाय पुष्कळ अॅपमध्ये या अर्जाचं बटणच नसतं, कागद भरून डीमॅट सांभाळणाऱ्याकडे द्यावा लागतो. खरेदीच्या आधी त्यांना लेखी विचारा की अर्ज कुठे आणि शेवटची तारीख कोणती. ऑर्डर नेहमी ठरलेल्या भावाची टाका, आणि तो भाव त्या दुपारच्या आयबीजेएवरून स्वतः काढलेला असू द्या.