जुनं सिम परत काढायचं, की एकेक खातं नव्या नंबरवर न्यायचं?

नंबर बदलला, जुनं सिम टाकून दिलं आणि ओटीपी मात्र अजून तिकडंच जातायत, तर दोन वाटा असतात. जुन्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढायचं, नाहीतर एकेक खातं नव्या नंबरवर न्यायचं. मी दुसरीनं निघालो आणि अर्ध्यातून पहिलीकडं वळलो.

दुसरी वाट वाईट नाही. राजारामपुरीतल्या बँकेत अर्ज भरला, पासबुक आणि आधार दाखवलं, सही जुळली, नंबर बदलला. आधार केंद्रातही जुन्या नंबरावर काही अडत नाही, बोटांच्या ठशांवर काम होतं.

अडलं ते जीमेलला. पासवर्ड बरोबर, पण कोड जुन्या नंबरवर. नंबर बदलायचा तर आत जायला हवं आणि आत जायचं तर जुना नंबर हवा. फोनशिवाय आत जाता यावं म्हणून आधीच काढून ठेवायचे बॅकअप कोड मी कधी काढले नव्हते, जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. रिकव्हरीचा फॉर्म दोनदा भरला, दोन्ही वेळा खातं माझंच आहे याची खात्री पटली नाही असं उत्तर आलं. बँकेत सही दाखवता येते, इथं दाखवायची कुणाला? आणि विम्यापासून पोरीच्या शाळेच्या अ‍ॅपपर्यंत सगळ्यांचे पासवर्ड त्याच मेलवरून बदलायचे. तिथंच माझं ठरलं.

प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली असली, तर कंपनी ते बंद करू शकते. त्यानंतर तोच नंबर परत सुरू करून घ्यायला १५ दिवसांची सवलत असते. मी त्या मुदतीत होतो. सिम बाबांच्या नावावर असल्यानं त्यांना कंपनीच्या गॅलरीत न्यावं लागलं, अंगठा त्यांचाच चालतो.

संध्याकाळी फोन लागू लागले, पण एकही ओटीपी येईना. हे सिमही वाया गेलं असं वाटून मी पुन्हा गॅलरी गाठली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, नव्या सिमवर २४ तास एसएमएस बंदच असतात." दुसऱ्याच कुणी तुमच्या नावानं सिम काढलं, तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून हा नियम. दुसऱ्या दिवशी सात वाजता कोड आला.

बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. तुमच्या जुन्या नंबरवर फोन केल्यावर अनोळखी माणूस बोलला, तर पहिली वाट संपली. त्याच्याकडं ओटीपी मागत बसू नका, बँक आणि आधारपासून सुरुवात करा. पण नंबर अजून कुणाला गेला नसेल, तर माझ्या मते आधी गॅलरी गाठावी. सिम हातात आलं की पहिल्यांदा मेलवरचा नंबर बदला आणि तिथले दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्या. माझे पासबुकाच्या कव्हरमध्ये आहेत. बँक त्यानंतर केली तरी चालते.