सफायर काचेवर ‘नवीन एआर कोटिंग’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमाच्या काचेच्या घड्याळांच्या दुरुस्तीत एक फसवणूक वारंवार दिसते, आणि ती इतकी सफाईने होते की ग्राहक पैसे देऊन, वर आभार मानून घरी जातो. दुकानात सांगतात, ‘सफायरला चरे पडलेत, पॉलिश करून वर नवीन एआर कोटिंग चढवून देतो.’ एआर म्हणजे परावर्तन कमी करणारं कोटिंग. प्रत्यक्षात सफायरला चरा पडलेला नसतो आणि नवीन कोटिंगही चढत नाही. उलट बाहेरून जे कोटिंग शिल्लक असतं, तेही घासून काढलेलं असतं.

उदाहरण म्हणून काळ्या डायलचं एक स्टीलचं घड्याळ घेऊ. काच किंचित फुगीर, बेझेलच्या म्हणजे काचेभोवतीच्या कड्याच्या जरा वर आलेली, आणि एआर कोटिंग आतून-बाहेरून दोन्हीकडे. दोनेक वर्षं रोज वापरल्यावर दिव्याखाली तिच्यावर केसासारख्या बारीक फिकट रेघा दिसू लागतात. जिथे काच सगळ्यात उंच आहे आणि जिथे तिची कड बेझेलबाहेर डोकावते, तिथे त्या जास्त असतात. ग्राहकाला वाटतं सफायर खराब झालं. दुकानदारही तसंच सांगतो, आणि गोष्ट इथूनच बिघडते.

सफायरचा कठीणपणा मोह्झच्या मापाने ९ आहे. धुळीतली वाळू म्हणजे क्वार्ट्झ, ती ७. भिंत, दाराची मूठ, किल्ली यांनी सफायर चरत नाही. त्यासाठी हिरा किंवा सिलिकॉन कार्बाइडसारखं काहीतरी लागतं. पण बाहेरचं कोटिंग म्हणजे सफायर नव्हे. ते मॅग्नेशियम फ्लोराइड, सिलिका अशा पदार्थांच्या अतिशय पातळ थरांचं असतं. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर असेल तर त्याची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर भरते, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. बरेच थर असले तरी एकूण जाडी काही शे नॅनोमीटरच. हे पदार्थ सफायरपेक्षा मऊ असतात, त्यामुळे शर्टाच्या बाहीवरची बारीक धूळही त्यांना हळूहळू घासते.

या रेघा फिकट का दिसतात हे कळलं की निदान स्वतःलाच करता येतं. जिथे कोटिंग गेलं तिथलं उघडं सफायर आजूबाजूपेक्षा कितीतरी जास्त उजेड परत फेकतं, म्हणून रेघ उजळ दिसते. समोरून डायल पाहताना ती जवळजवळ नाहीशी होते आणि दिव्याचं प्रतिबिंब तिच्यावर आणलं की उठून दिसते. नखाला ती लागत नाही. सफायरमधला खरा चरा १० पटीच्या लूप भिंगाखाली खोबणीसारखा दिसतो, कडांचे टवके उडालेले असतात आणि तो कुठल्याही कोनातून दिसत राहतो. करड्या रंगाची रेघ बऱ्याचदा चरा नसतेच. स्टील सफायरवर घासलं की धातूच मागे राहतो, आणि मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसलं की तो निघतो. शाईचं खरखरीत खोडरबर मात्र वापरू नका, त्यातली भुकटी कोटिंग खाते. निळे-जांभळे डाग पसरलेले दिसले तर ते बोटाचं तेल असतं. कोटिंगवर ते साध्या काचेपेक्षा जास्त उठून दिसतं, म्हणून कोटिंग उडाल्याचा भास होतो. साबणाच्या पाण्याने जातं.

आता दुकानाच्या मागच्या खोलीत काय होतं ते पाहू. बेझेलला टेप लावतात आणि फेल्टच्या चाकावर एखाद-दोन मायक्रॉनची डायमंड पेस्ट घेऊन काच घासतात. कोटिंग बघता बघता निघतं. त्याबरोबर रेघाही जातात, कारण त्या कोटिंगमध्येच होत्या. खालचं सफायर होतं तसंच गुळगुळीत असतं, म्हणून काच एकदम नवी दिसते. काही जण साध्या काचेसाठीचा सेरियम ऑक्साइड वापरतात. त्याने सफायर पॉलिश होत नाही, पण कोटिंग ठिकठिकाणी झिजून काच डागाळते.

त्यानंतर कापडाने एक द्रव फासतात आणि त्याला ‘नॅनो एआर’ किंवा तसंच काही नाव देतात. हा द्रव पाणी आणि तेल धरू न देणारा असतो. परावर्तन कमी करायचं तर थराची जाडी काही नॅनोमीटरच्या अचूकतेने साधावी लागते, तरच थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना मारतात. त्यासाठी काच घड्याळाच्या केसमधून काढून, गॅस्केट म्हणजे पाणी अडवणारं कडं वेगळं करून, पूर्ण स्वच्छ करून व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवावी लागते आणि थर वाफेतून किंवा स्पटरिंगने बसवावे लागतात. घड्याळात बसलेल्या काचेवर, टेबलावर, तासाभरात हे होत नाही. कापडाने फासलेल्या थराची जाडी कोणाच्याच हातात नसते.

मग ग्राहक फसतो कसा? त्याला दोन गोष्टी दाखवतात. एक, काचेवर पाण्याचा थेंब टाकतात आणि तो मोत्यासारखा गोल उभा राहतो. द्रव फासल्यावर तो राहणारच, त्याचा परावर्तनाशी संबंध नाही. दुसरी गोष्ट जास्त कावेबाज. घड्याळ दिव्याखाली तिरकं धरून निळसर झाक दाखवतात आणि म्हणतात, ‘हे बघा कोटिंग.’ झाक खरीच असते, पण ती आतल्या बाजूच्या कोटिंगची. तिथे चाक पोहोचत नाही, म्हणून ते शाबूत असतं. कारखान्यात लावलेलं जुनं आतलं कोटिंग दाखवून बाहेरच्या नव्या कोटिंगचे पैसे घेतले जातात.

नुकसान किती होतं? सफायरचा अपवर्तनांक १.७७ असल्याने त्याचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे ७.७ टक्के उजेड परत पाठवतो, तर साध्या काचेचा सुमारे ४.३ टक्के. म्हणजे बिनकोटिंगचं सफायर साध्या काचेपेक्षा जास्त चमकतं. दोन्ही बाजू उघड्या असतील तर सफायरचं परावर्तन १४ टक्क्यांच्या वर जातं, फक्त आतून कोटिंग असेल तर ८ टक्क्यांच्या आसपास, आणि दोन्हीकडून चांगलं कोटिंग असेल तर एक-दोन टक्के. ढगाळ आकाशाखाली उभं राहून घड्याळ पाहताय असं धरा. काळा डायल ५ टक्के उजेड परत देतो आणि पांढरे काटे ७० टक्के, असं मानू. आकाशाचं प्रतिबिंब काटे आणि डायल दोन्हींवर सारखंच पसरतं, शिवाय काचेतून जाता-येताना थोडा उजेड गळतो. हिशेब केला तर दोन्हीकडे कोटिंग असताना काटे डायलपेक्षा सुमारे ११ पट उजळ दिसतात, फक्त आतून असताना साडेपाच पट, आणि कोटिंगच नसेल तर साडेतीन पट. आपल्या उदाहरणातलं घड्याळ ‘दुरुस्ती’नंतर ११ वरून साडेपाचवर आलं, म्हणजे काटे आणि डायल यांच्यातला उठाव निम्मा झाला. दुकानातल्या एकाच दिव्याखाली हे लक्षात येत नाही, कारण प्रतिबिंब टाळून पाहता येतं. बाहेर उघड्या आकाशाखाली डायल दुधाळ वाटू लागतो.

तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि ती दुकानातच, पैसे देण्याआधी करावी. वर एकच पांढरा दिवा असेल अशी जागा घ्या. घड्याळ तिरकं धरून काचेत दिव्याचं प्रतिबिंब शोधा. काच दीड-दोन मिलिमीटर जाड असेल तर एकाला लागून दुसरं अशी दोन प्रतिबिंबं दिसतात: एक वरच्या पृष्ठभागाचं, एक खालच्या. दोन्ही मंद आणि रंगीत असतील तर दोन्हीकडे कोटिंग आहे. एक पांढरं लख्ख आणि दुसरं मंद निळं किंवा जांभळं असेल तर कोटिंग एकाच बाजूला आहे. कोणतं प्रतिबिंब कोणत्या पृष्ठभागाचं याची शंका असेल तर काचेच्या एका कोपऱ्यात ओलं बोट टेकवा. तिथे वरच्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब जास्त विस्कटतं, खालच्याचं कमी. हीच तपासणी घड्याळ दुरुस्तीला देण्याआधी करून फोटो काढून ठेवला, तर नंतर वादाला जागा राहत नाही.

आणखी एक खूण अशी की ती सहसा कोणाला लपवता येत नाही. काच केसमध्येच ठेवून घासली असेल तर चाक बेझेलच्या अगदी कडेपर्यंत जात नाही. तिथे जुन्या कोटिंगची अर्ध्या मिलिमीटरची निळसर कड राहून जाते आणि मधला भाग पांढरा चमकतो. लूपने कड फिरून पाहा. बेझेलच्या आतल्या काठावर टेपबाहेर गेलेल्या चाकाचे बारीक ओरखडेही सापडतात.

बाहेरचं कोटिंग घासून काढणं हे काम मुळात खोटं नाही. बरेच जण रेघांना कंटाळून जाणूनबुजून तसं करून घेतात, आणि मग काच वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. मात्र ग्राहकाला सांगायला हवं की बाहेरचं कोटिंग जाईल, परत येणार नाही आणि परावर्तन वाढेल. बाहेरून पुन्हा कोटिंग हवंच असेल तर सहसा खरा रस्ता म्हणजे कारखान्यातून दोन्ही बाजूंनी कोटिंग होऊन आलेली त्याच मापाची काच बसवणं. त्याबरोबर नवीन गॅस्केट हवं. जुनं एकदा दबलेलं असतं, पुन्हा वापरलं तर पाणी शिरतं. काच बसवल्यावर दाबाची चाचणी झालीच पाहिजे.

काच बदलण्यातही एक वेगळी चलाखी होते, सफायरऐवजी निळसर कोटिंगची साधी काच बसवतात. सफायर ओळखायच्या पाण्याच्या थेंबाच्या परीक्षेवर विसंबू नका, कोटिंगमुळे ती निरर्थक होते. उष्णता किती लवकर ओढली जाते हे मोजणारा हिऱ्याचा टेस्टर काचेवर टेकवायला सांगा. सफायर त्यावर थोडी का होईना नोंद देतं, साधी काच शून्यावर राहते, आणि इतकं पातळ कोटिंग मध्ये येत नाही. काम देताना पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: काच घासणार की बदलणार, कोटिंग कोणत्या बाजूला असेल, आणि बदलली तर जुनी काच परत मिळेल. ‘नवीन एआर’ म्हणणाऱ्याला विचारा की काच केसमधून काढणार का. नाही म्हणाला, तर घड्याळ तिथे सोडू नका.