इंचाचं ड्रॉईंग मिमीत ‘तपासून’ देणाऱ्यांपासून सावध राहा

शीटमागे ठरावीक पैसे घेऊन जुनी इंचातली ड्रॉईंग मिलिमीटरमध्ये करून देणारे बरेच आहेत. ‘टॉलरन्ससह तपासून देतो’ असं सांगतात, शीटच्या कोपऱ्यात ‘तपासले’ असा शिक्काही मारतात. पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्याने अशा शीटवरून अमेरिकी गिऱ्हाइकासाठी माउंटिंग पट्ट्या बनवल्या आणि सगळी खेप परत आली. पैसे परत मागितल्यावर उत्तर मिळालं, ‘आकडे बरोबरच आहेत, मशीनवर चुकलं असेल.’ ही सरळ फसवणूक आहे. मूळ ड्रॉईंग आणि नवी शीट शेजारी ठेवली की ती कागदावरच दिसते, म्हणून ती कुठे दिसते ते सविस्तर लिहीत आहोत.

पट्टी साधी आहे. लांबी १५ ३/४ इंच, रुंदी १ १/२ इंच. एका ओळीत १ ३/१६ इंच पिचवर ९/३२ इंचाची तेरा भोकं, पहिल्या भोकापासून शेवटच्यापर्यंत १४ १/४ इंच. टायटल ब्लॉकमध्ये लिहिलंय की अपूर्णांकातल्या मापांना ±१/६४ आणि तीन दशांश स्थळांच्या मापांना ±०.००५. भोकांच्या ओळीला मात्र ±०.००५ वेगळा लिहिलाय आणि तो साठत जाणार नाही अशी टीपही आहे. म्हणजे कोणतंही भोक पहिल्यापासून मोजलं तरी फरक पाच थाऊच्या आतच हवा.

नव्या शीटवर पिच ३०.२ मिमी आहे. १ ३/१६ इंच म्हणजे नेमके ३०.१६२५ मिमी. एका पिचला चूक ०.०३७५ मिमी. व्हर्नियरवर ती जाणवणारही नाही. पण पिच बारा आहेत. बारा वेळा ३०.२ म्हणजे ३६२.४, आणि १४ १/४ इंच म्हणजे ३६१.९५. शेवटचं भोक ०.४५ मिमी पुढे गेलं, परवानगी होती ०.१२७ची. ९/३२च्या भोकात पाव इंची बोल्टला चारी बाजूंनी जेमतेम ०.४ मिमी मोकळीक असते. पहिला बोल्ट मधोमध धरून पट्टी बसवली की तेराव्या भोकातून खालच्या आट्याच्या भोकाची एक कड झाकलेली दिसते आणि बोल्ट कडेवर अडतो.

आता त्या ‘तपासले’ शिक्क्याकडे बघा. त्याच शीटवर पहिल्या ते शेवटच्या भोकाचं अंतर ३६२ लिहिलंय. पिचला बाराने गुणून पाहिलं असतं तर ३६२.४ आणि ३६२ जुळत नाहीत हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं. कोणी तपासलंच नव्हतं. पिच दोन दशांशांपर्यंत, ३०.१६ लिहिला असता तरी बारा पिचला चूक फक्त ०.०३ झाली असती. चालली असती, पण तीही टॉलरन्समधूनच वजा होते. म्हणून पिच साखळीने लिहायचाच नाही. प्रत्येक भोकाचं अंतर पहिल्या भोकापासून काढायचं आणि तिथेच एकदा राउंड करायचं: ३०.१६, मग ६०.३२५चं ६०.३३, मग ९०.४८७५चं ९०.४९. चूक एकीवर एक चढत नाही.

दुसरा घोळ टॉलरन्सचा, आणि आमच्या मते तो जास्त वाईट. नव्या टायटल ब्लॉकमध्ये मूळ ±१/६४ पुसून आय एस ओ २७६८-एम हे सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक टाकलंय. दिसायला भारदस्त, पण हा टॉलरन्स मापाच्या लांबीप्रमाणे बदलतो. ३० ते १२० मिमीला ±०.३ आणि १२० ते ४००ला ±०.५. १/६४ इंच म्हणजे जवळपास ०.३९७ मिमी, आणि मूळ ड्रॉईंगवर तो अपूर्णांकातल्या सगळ्या मापांना एकच होता.

परिणाम दोन्हीकडून झाला. रुंदी १ १/२ इंच म्हणजे ३८.१. मूळ ड्रॉईंगप्रमाणे ३८.४५ची पट्टी चांगली, नव्या शीटप्रमाणे ३८.४च्या वर सगळं बाद. कारखान्याने स्वतःच्या हाताने चांगला माल भंगारात टाकला. लांबी १५ ३/४ इंच म्हणजे ४००.०५. शीटवर ती नुसती ४०० केली, म्हणजे ३९९.५ ते ४००.५ पास. पण मूळ खालची मर्यादा ३९९.६५३ आहे, म्हणून ३९९.५५ची पट्टी इथे पास होऊन तिकडे रिजेक्ट झाली.

काम करायची पद्धत अशी. आधी मूळ शीटवर प्रत्येक मापाला कोणता टॉलरन्स लागू आहे ते पेन्सिलीने लिहून घ्या, रूपांतर त्यानंतर. हा क्रम उलटला की नवीन चूक घुसते. ५/८ला कोणी .६२५ लिहिलं की ते तीन दशांशांचं माप दिसतं आणि ±१/६४च्या जागी ±.००५ लागतो. टॉलरन्स तिपटीने आवळला जातो आणि मशीन शॉपवाला त्याचेच वाढीव दर लावतो.

मग इंचातच कमाल आणि किमान माप काढा, अपूर्णांकातच ठेवा, आणि २५.४ने गुणा. १९५९पासून इंच नेमका २५.४ मिमी आहे, त्यामुळे गुणाकारात काहीच हरवत नाही. हरवतं ते तक्त्यातला राउंड केलेला दशांश घेतला की. १/६४ म्हणजे ०.०१५६२५, भिंतीवरच्या काही तक्त्यांत मात्र ०.०१६ छापलेलं असतं. फिटर मंडळी ‘एक सूत म्हणजे तीन मिमी’ म्हणतात, ते पट्टी कापायला ठीक, ड्रॉईंगला सूत ३.१७५च. एक्सेलमध्ये नुसतं ३/४ टाइप केलं तर तारीख होते, म्हणून सूत्र असं लिहा:

```
=(15+3/4-1/64)*25.4
=(15+3/4+1/64)*25.4
```

उत्तरं ३९९.६५३१२५ आणि ४००.४४६८७५. राउंडिंग आता शेवटी. किती स्थळं ठेवायची हे एकूण टॉलरन्सवर ठरतं. तो ०.०१ ते ०.१ इंच असेल तर मिमीत दोन स्थळं, ०.००१ ते ०.०१ असेल तर तीन. इथे एकूण १/३२ इंच, म्हणून दोन. जवळच्या आकड्याला राउंड केलं तर ३९९.६५ आणि ४००.४५ येतात, दोन्ही मर्यादेच्या किंचित बाहेर. जुळणीच्या भागाला ते नको. खालची मर्यादा वर, वरची खाली: ३९९.६६ ते ४००.४४, म्हणजे ४००.०५ ±०.३९. भोकांच्या ओळीला अशाच रीतीने ३६१.९५ ±०.१२ येतं.

काम बाहेर देणारच असाल तर आधी हीच लांबी ±१/६४सह नमुना म्हणून करायला द्या. ‘४००’ किंवा आय एस ओचा नुसता शिक्का परत आला तर पुढची शीट देऊ नका. प्रत्येक मापाशेजारी कंसात मूळ इंचाचं माप राहू द्या, आणि ऑर्डरवर लिहा की वाद झाल्यास मूळ इंचाचं ड्रॉईंगच प्रमाण. ही ओळ नसली की ‘मशीनवर चुकलं’ हेच उत्तर मिळतं.

माल आधीच बनला असेल तर भंगाराचा ढीग आधी पुन्हा मोजा. रुंदी ३७.७१ ते ३८.४९मध्ये असलेली पट्टी त्या मापात चांगलीच आहे. लांबी ४००.४४च्या वर गेली असेल तर टोक मिल करून वाचते, पण आधी शेवटच्या भोकापासून कडेपर्यंतचं ३/४ इंच अंतर बघून. ३९९.६६च्या खालची वाचत नाही, आणि ३०.२ पिचने ड्रिल झालेली तर नाहीच. भोकं मोठी करून ती गिऱ्हाइकाला न विचारता पाठवू नका.