शंकूचं घनफळ: तिरकस उंची आधी काढावी की नंतर?

उदाहरणात त्रिज्या r आणि लंब उंची h दिलेली आहे. विचारलंय घनफळ, आणि बहुतेकदा त्याच्या मागोमाग वक्रपृष्ठफळ. इथे मुलांच्या वह्यांत दोन सवयी दिसतात. काहीजण उदाहरण वाचून झालं की लगेच l = √(r² + h²) काढून ठेवतात आणि मग एकेक सूत्र सोडवत जातात. बाकीचे १/३ πr²h मध्ये किमती घालून आधी घनफळ संपवतात आणि तिरकस उंचीला पृष्ठफळाची वेळ येईपर्यंत हात लावत नाहीत. बरोबर सोडवलं तर उत्तर तेच आणि गुणही तेवढेच, त्यामुळे हा वाद फुटकळ वाटू शकतो. मला तो तसा वाटत नाही.

आधी l काढण्याचा एक फायदा खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. दहावीच्या महत्त्वमापनातली बरीच उदाहरणं पायथागोरसच्या त्रिकुटांवर बेतलेली असतात. समजा शंकूच्या तळाचा व्यास १४ सेमी आणि उंची २४ सेमी दिली आहे. त्रिज्या ७ घेतली तर ४९ + ५७६ = ६२५ आणि l = २५, एकदम स्वच्छ. व्यास निम्मा करायला विसरलात तर १९६ + ५७६ = ७७२ येतात, आणि त्याचं वर्गमूळ पूर्णांकात निघत नाही. म्हणजे l काढता काढता व्यास-त्रिज्येचा घोळ तिथल्या तिथे उघडा पडतो. थेट घनफळ काढणाऱ्याला ही सूचना मिळत नाही. त्याचं उत्तर चौपट येतं आणि तो निवांत पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

तरीही माझं पारडं दुसऱ्या सवयीकडे झुकतं, आणि त्याला कारण एकच आहे. l आधी काढली की कागदावरची सर्वांत ताजी संख्या तीच असते. हात आपसूक तिच्याकडे जातो आणि घनफळाच्या सूत्रात h च्या जागी l जाऊन बसते. वरच्याच उदाहरणात बरोबर घनफळ १/३ × २२/७ × ४९ × २४ = १२३२ घसेमी आहे. २४ च्या जागी २५ पडले तर येतात साधारण १२८३.३३. आकडा इतका जवळचा आहे की नुसत्या नजरेला काही खटकत नाही.

खटकायला हवा तो अपूर्णांक. पायथागोरसच्या पूर्णांकी त्रिकुटात काटकोन करणाऱ्या दोन बाजूंपैकी एकीला तरी ३ ने पूर्ण भाग जातोच. शंकूत त्या बाजू म्हणजे r आणि h, त्यामुळे r²h मधून तो ३ नेहमी कटतो. तो कटत नसेल तर चुकीची उंची घेतल्याचा संशय घ्यावा. पण या खुणेवर विसंबून राहू नका. त्रिज्येलाच ३ ने भाग जात असेल तर चुकीचं उत्तरही गुळगुळीत येतं: r = ३, h = ४, l = ५ घेऊन पाहा, बरोबर घनफळ १२π आणि चुकीचं १५π, दोन्ही सारखीच देखणी.

घनफळात l चा संबंध का येत नाही, हेही एकदा पाहून घ्यावं. शंकू म्हणजे एकावर एक रचलेल्या, वर जाताना लहान होत जाणाऱ्या पातळ चकत्या, असं समजा. चकत्यांची जाडी उभ्या दिशेने मोजली जाते. आता सगळ्या चकत्या थोड्या थोड्या सरकवून टोक एका बाजूला कलतं केलं, तरी एकही चकती कमी झालेली नाही आणि एकूण उंचीही तीच आहे, म्हणून घनफळ तेवढंच राहतं. उतार मात्र एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला वेगळा होतो. मग एकच एक l अशी उरतच नाही.

चूक किती मोठी होईल हे l/h या गुणोत्तरावर ठरतं. उंच, निमुळत्या शंकूत ती चार-पाच टक्क्यांत लपून जाते, बसक्या शंकूत अंगावर येते. खळ्यातली गव्हाची रास घ्या: त्रिज्या १.५ मीटर, उंची ०.८ मीटर. घनफळ १/३ × ३.१४ × २.२५ × ०.८ = १.८८४ घनमीटर. गव्हाचं वजन घनमीटरला ढोबळ ७७० किलो धरलं तर रास साडेचौदा क्विंटलची झाली. आता l = √(२.२५ + ०.६४) = १.७ मीटर. ही वापरून वक्रपृष्ठफळ येतं ३.१४ × १.५ × १.७, म्हणजे सुमारे ८ चौरस मीटर. ताडपत्रीसाठी हा आकडा हवाच, आणि वर दुमडीसाठी थोडी जास्त धरावी लागते. पण हीच १.७ घनफळात घुसली तर रास एकदम ४ घनमीटरची, म्हणजे तीस क्विंटलच्या वर! पोती मागवणाऱ्याने काय करायचं?

राशीवर टेप उताराला लावून l मोजणं सोपं वाटतं, कारण टोक ते कड टेप सरळ पडते. मग h = √(l² − r²) काढायची. चालतं, पण बसक्या राशीत हे महागात पडतं. टेप जरा ढिली राहून १.७ ऐवजी १.७५ वाचली गेली तर h ०.८ ऐवजी ०.९ येते. पाच सेंटीमीटरची चूक उंचीत दहाची झाली आणि घनफळ बारा-तेरा टक्क्यांनी फुगलं. त्यापेक्षा टोकातून पातळ सळई उभी खाली खोचावी, जमिनीला टेकली की टोकाशी बोट धरून ओढून घ्यावी आणि तेवढी लांबी मोजावी. सळई तिरपी गेली तर मात्र उंची जास्त भरते, म्हणून दोन बाजूंनी बघून ओळंब्यात धरा. त्रिज्येसाठी राशीभोवती दोरी फिरवून परीघ घ्या आणि ६.२८ ने भागा.

एका ठिकाणी l आधीच हातात असते आणि तिथे माझी पसंती लागू होत नाही: कागदाचा शंकू. शाळेच्या प्रकल्पात १० सेमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापून गुंडाळलं, तर कागदाची त्रिज्या तीच शंकूची तिरकस उंची होते, l = १०. अर्धवर्तुळाची कड ३१.४ सेमी, तो झाला तळाचा परीघ, म्हणून r = ५. उंची मात्र √(१०० − २५), म्हणजे ८.६६ सेमी. तीन शंकू वाळू ओतली की वृत्तचिती भरते, हे दाखवायचं असेल तर चितीची उंची ८.६६ घ्यावी लागते. कागद १० चा होता म्हणून चितीही १० ची कापली, तर तिसरा शंकू रिकामा केल्यावरही वाळू काठाच्या सव्वा सेंटीमीटरहून थोडी जास्तच खाली राहते.