जुन्या मॅनेजरचं गूगल ॲड्स अकाउंट हातात आलं की आधी नुसतं बघायचं – दिवाळीपासून वापरतोय, माझा अनुभव

मी बडोद्यात छोट्या धंद्यांच्या जाहिराती सांभाळतो. आधीच्या माणसाने सोडलेलं अकाउंट आलं की सगळं तपासून होईपर्यंत एका सेटिंगलाही हात लावायचा नाही, ही पद्धत मी दिवाळीपासून पाळतोय. क्लायंटकडून सुरुवातीला Read only ॲक्सेसच मागतो, म्हणजे चुकून काही बदलायचा प्रश्नच येत नाही.

पद्धत का पटली ते एका मॉड्युलर किचनवाल्या काकांच्या अकाउंटवरून सांगतो, आकडे थोडे गोल केलेत. महिन्याचा खर्च 57,000 रुपये, स्क्रीनवर कन्व्हर्जन, म्हणजे गूगलने चौकशी म्हणून मोजलेले, 238. त्या हिशोबाने एक लीड साधारण 240 रुपयांना. टार्गेट सीपीए, म्हणजे एका कन्व्हर्जनमागे सरासरी किती खर्च हवा तो आकडा, 250 लावलेला, म्हणून वरवर सगळं झकास दिसत होतं.

पहिलं काम Change history, त्यात मागची दोन वर्षं दिसतात. बजेट, बिडिंग आणि कन्व्हर्जन कधी कधी बदललं एवढंच मी वहीत तारखेसकट उतरवतो, शिवाय कोणता बदल माणसाने केलाय आणि कोणता ऑटो-अप्लायने आपोआप झालाय तेही बघतो. यात जास्त वेळ घालवत नाही.

खरा वेळ द्यायचा तो कन्व्हर्जनला, कारण ऑटो बिडिंग त्याच आकड्यावर चालतं. कॅम्पेनच्या टेबलात सेगमेंट लावून कन्व्हर्जन ॲक्शनप्रमाणे फोड केली तर 238 चे तीन तुकडे निघाले: फॉर्मनंतरच्या थँक यू पेजचा गूगल टॅग 81, तोच फॉर्म ॲनालिटिक्समधून इम्पोर्ट केलेला 61, आणि नुसतं कॉन्टॅक्ट पेज उघडलं तरी मोजलेले 96. तिन्ही प्रायमरी, म्हणजे बिडिंग तिन्ही धरून चालणार! टॅगचं मोजणं Every वर होतं, म्हणजे कोणी थँक यू पेज रिफ्रेश केलं की अजून एक धरला जाणार, 81 आणि 61 मधला फरक बराचसा तिथूनच आलेला.

मग काकांकडे दुकानाची वही मागितली. ते म्हणाले, "अरे जाहिरात मोबाईलवर चालते, वही कशाला पाहिजे तुला?" काउंटरवरची ताई गुजरातीत लिहिते, नाव, नंबर, सोसायटी आणि कुठून आले ते. त्या महिन्यात वेबसाईटवरून आलेले 57. म्हणजे एक लीड 1,000 रुपयांना पडत होता, 240 ला नाही. वहीशी जुळवताना by conv. time वाला कॉलम घ्या बरं का, साधा Conversions कॉलम क्लिकच्या तारखेला आकडा टाकतो आणि महिन्याच्या टोकाला हिशोब जुळत नाही.

आता बहुतेक जण इथेच घाई करतात, डुप्लिकेट दिसले की लगेच बंद. पण टार्गेट 250 वर तसंच ठेवून खोटे कन्व्हर्जन काढले तर सिस्टीमला एक लीड हजाराला पडताना दिसणार, ती बोली खाली खाली नेणार आणि चार दिवसात जाहिरात दिसायचीच बंद होणार, मग क्लायंट म्हणणार नवीन माणूस आला आणि फोन थांबले. म्हणून मी काकांना समजावून आधी फक्त एक नवीन ॲक्शन बनवली, मोजणं One वर, म्हणजे एका क्लिकमागे एकच लीड, आणि ती सेकंडरी ठेवली. सेकंडरीचा बिडिंगवर परिणाम होत नाही, आकडा All conv. मध्ये दिसत राहतो. काही आठवडे तो वहीशी ताडून बघितला, जुळायला लागला, तेव्हा एकाच दिवशी ती प्रायमरी केली, बाकी तीन सेकंडरी केल्या आणि टार्गेट हजारावर नेलं. पुढचे दोनेक आठवडे चढउतार झाले, नंतर लीड स्थिर झाले, आणि काकांना पहिल्यांदाच खरा भाव कळला.

लोकेशनचंही असंच. सेटिंग होतं Presence or interest, म्हणजे बडोद्यात नसलेल्या पण बडोद्याबद्दल शोधणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. ऑडिटमध्ये हे बघितलं की हात शिवशिवतो, Presence करून टाकावं वाटतं. पण वहीत अमेरिका-कॅनडाचे नंबर होते, इकडे फ्लॅट घेतलेले आणि आईवडिलांसाठी किचन करून घेणारे, त्यातल्या काहींच्या ऑर्डरही झालेल्या. ते सेटिंग मी तसंच ठेवलं.

या पद्धतीत दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे जाहिरातीवरचा नंबर लक्षात ठेवून थेट फोन करणारे कशातच नीट पकडले जात नाहीत, तिथे ताईने विचारून लिहिलेलंच खरं. दुसरं, क्लायंटला दोन-तीन आठवडे काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून पहिल्याच भेटीत तसं सांगून ठेवावं लागतं. आणि जाहिरातीची लिंक बंद पडलेल्या पानावर जात असेल किंवा अकाउंटमध्ये अनोळखी ईमेलला Admin ॲक्सेस दिसला, तर मी ऑडिट संपायची वाट बघत नाही, मालकाला फोन करून त्याच दिवशी बंद करायला सांगतो.