५जी फोनवरचा कॉल: थेट ५जीवरून की ४जीकडे सोपवून?

फोनवर ५जीचे चिन्ह दिसते, म्हणून कॉलही ५जीवरूनच जातो असे नाही. ‘व्हीओएनआर’ पद्धतीत आवाजाची पाकिटे ५जी रेडिओवरूनच ५जीच्या गाभ्यातून, म्हणजे नेटवर्कच्या मध्यवर्ती यंत्रणेतून, पुढे जातात. त्यामुळे कॉल लवकर जुळतो आणि बोलताना इंटरनेटही ५जीवरच राहते.

दुसरी पद्धत माघारीची आहे. तुम्ही नंबर लावता, नेटवर्क आवाजासाठी राखीव मार्ग मागते, पण तो ५जीवर देता येत नाही असे मनोरा कळवतो आणि फोनला ४जीकडे पाठवतो. कॉल तिथे व्होल्टीने, म्हणजे ४जीवरून आवाज नेण्याच्या पद्धतीने, जुळतो, जुळायला थोडा अधिक वेळ लागतो आणि तो संपल्यावर फोन पुन्हा ५जीवर येतो. वरच्या पट्टीत ‘5G’ जाऊन ‘4G’ उमटले, तर हेच घडले असे समजावे.

याची कारणे साधी आहेत. त्या फोनला कंपनीने व्हीओएनआरची मुभा दिलेली नसते, किंवा ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींआड क्षीण होतात. भारतात २०२२ मध्ये जिओने स्वतंत्र ५जी उभारले, तर एअरटेलने सुरुवात ४जीच्या गाभ्यावर आधारलेल्या ५जीने केली. अशा आधारित जाळ्यात व्हीओएनआर शक्यच नसते आणि चिन्ह ५जीचे असले तरी आवाज ४जीवरूनच जातो.

माझ्या मते, घरात सिग्नल कमकुवत असेल तर माघारीचा कॉलच अधिक भरवशाचा, कारण ४जीचे कमी वारंवारतेचे पट्टे भिंतींतून अधिक चांगले पोहोचतात.