बदक, बटेर की कोंबडी?

वहिनी विचारत होती, केकला बदकाचं अंडं घालू का? मी तिन्ही वाट्यांत फोडून बघितली. कोंबडीचं साधारण ५५ ग्रॅम, बदकाचं ७०, बटेराचं जेमतेम १०. म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याला बटेराची पाच-सहा फोडत बसा! बलक बदकाच्या अंड्यात सगळ्यांत जास्त, एक तृतीयांशाहून थोडा वरच. तो स्निग्ध असल्याने केक मऊ होतो. पण हेच अंडं जास्त उकडलं की पांढरं रबरासारखं चिवट, वासही जरा उग्र. बटेराची चव कोंबडीच्या जवळची, सोलायची मात्र कटकट. वजनाला वजन धरलं तर प्रथिनं तिन्हींत सारखीच. कोलेस्टेरॉल बदक-बटेरात दुपटीहून जास्त. तेव्हा केकला बदक, पोरांच्या डब्याला कधीमधी बटेर, रोजच्या आमलेटला कोंबडीच.